प्रश्न घेऊन झोपायचं कसं, आणि स्वप्नातलं उत्तर ओळखायचं कसं

विल्यम डिमेंट हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले झोपेचे मोठे अभ्यासक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ५०० विद्यार्थ्यांना कोडी दिली. झोपण्याआधी १५ मिनिटं कोडं सोडवायचं, नाही सुटलं तर तसंच झोपायचं आणि सकाळी स्वप्नं लिहून आणायची, असं तीन रात्री करायचं होतं. एका कोड्यात नुसती इंग्रजी अक्षरं होती: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. यातून कोणता एक शब्द निघतो? उत्तर 'पाणी'. अक्षरं एचपासून ओपर्यंत आहेत, म्हणजे 'एच टू ओ', H₂O. एका विद्यार्थ्याला त्या रात्री शार्क माशांची शिकार, मोठाल्या लाटा, धो धो पाऊस आणि शिडाची होडी दिसली. पण त्याने उत्तर लिहिलं 'मुळाक्षरं'.

स्वप्नाने त्याला उत्तर पुन्हा पुन्हा दाखवलं होतं, पण ते त्याला ओळखता आलं नाही. झोपताना मनाला प्रश्न विचारण्याची जी पद्धत आहे, जिला मानसशास्त्रात ड्रीम इन्क्युबेशन म्हणतात, तिच्यातली खरी मेख इथे आहे. प्रश्न कसा विचारायचा हे बहुतेक जण सांगतात. जागं झाल्यावर काय करायचं हे फार थोडे सांगतात, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच असतं. ठाण्यात हौशी नाटक करणाऱ्या मंडळींमध्ये मी बरीच वर्षं वावरते. नाटकातली अडलेली जागा सोडवायला आमच्यातले काही जण ही पद्धत वापरतात. हा लेख त्या वापरातून आणि या विषयावरच्या अभ्यासांतून लिहिला आहे.

मदत होते का, आणि कितपत

डिमेंट यांच्या प्रयोगात कोडं घेऊन झोपण्याचे एकूण १,१४८ प्रयत्न झाले. त्यातल्या ८७ स्वप्नांचा कोड्याशी काही संबंध दिसला आणि फक्त ७ वेळा स्वप्नातून कोडं सुटलं. आकडे निराशाजनक आहेत. पण ती कोडी दुसऱ्याने दिलेली होती. ती सुटली काय नि न सुटली काय, झोपणाऱ्याचं काहीच अडत नव्हतं.

१९९३ मध्ये हार्वर्डच्या डेअड्रा बॅरेट यांनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने केली. त्यांनी ७६ विद्यार्थ्यांना आपापला खरा प्रश्न निवडायला सांगितला आणि तीन रात्रींऐवजी आठवडा दिला. जवळपास निम्म्या जणांना प्रश्नाशी संबंधित स्वप्न पडलं आणि साधारण पाव विद्यार्थ्यांना त्यात उत्तर सापडल्यासारखं वाटलं. कॉलेजच्या अभ्यासातल्या प्रश्नांपेक्षा आयुष्यातले प्रश्न जास्त सुटले.

एक मुलगी नुकतीच लहान घरात राहायला गेली होती आणि सामान कसंही लावलं तरी झोपायची खोली कोंदट वाटत होती. तिला स्वप्नात घर नीट लावलेलं दिसलं, आणि कपड्यांचं ड्रॉवरवालं कपाट होतं बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावून. तिने ते तिथे ठेवून पाहिलं आणि ते बसलं. वन बीएचकेत राहणाऱ्या आपल्यातल्या कुणालाही हे उत्तर क्षुल्लक वाटणार नाही. त्यातली खुबी अशी की जागेपणी ती मुलगी फक्त झोपायच्या खोलीतच जागा शोधत होती. स्वप्नात ती अट गळून पडली.

मला या पद्धतीचा आवाका इथे दिसतो. ज्या प्रश्नात आपण एखादी अट गृहीत धरून बसलोय, किंवा जो प्रश्न डोळ्यांसमोर आणता येतो, तिथे स्वप्न उपयोगी पडतं. रेम झोपेत, म्हणजे ज्या टप्प्यात ठळक स्वप्नं पडतात त्यात, मेंदूचा दृश्यं उभी करणारा भाग जोरात चालतो आणि कपाळामागचा, 'असं थोडंच असतं' म्हणून टोकणारा भाग मंदावतो. त्यामुळे रचना, मांडणी, कथेतलं वळण, दोन माणसांमधला तिढा यांना वाट मिळते. कर्जाचा हप्ता किती बसेल, बारावीनंतर कोणत्या शाखेला किती कटऑफ लागेल, याची उत्तरं तिथे नाहीत.

बॅरेट यांच्या अभ्यासाची एक मर्यादा लक्षात ठेवा. त्यात तोच प्रश्न आठवडाभर नुसता जागेपणी घोळवणारा दुसरा गट नव्हता. तशी तुलना २०२३ मध्ये आलेल्या, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झालेल्या अभ्यासात आहे. तिथे ४९ जणांपैकी काहींना दुपारच्या डुलकीत शिरताना 'झाडाचं स्वप्न बघा' असं सुचवलं गेलं. त्यांनी नंतर झाडाविषयीच्या कल्पक कामात, सूचना न देता झोपलेल्यांपेक्षा ४३ टक्के सरस कामगिरी केली. जागे राहून झाडाचा विचार केलेलेही त्यांच्या मागे राहिले. अर्थात 'झाड' हा विषय आहे, अडलेला प्रश्न नव्हे. म्हणून मी इतकंच म्हणेन की विषय स्वप्नात नेता येतो आणि त्याने कल्पना मोकळ्या होतात, एवढं पक्कं. पुढचं काम आपलं.

आधी झोप, मग प्रश्न

रात्रभरात झोपेचे साधारण दीड-दीड तासाचे फेरे होतात. पहिल्या फेऱ्यात रेम झोप जेमतेम काही मिनिटांची असते, आणि पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणजे ज्याला सकाळची सहाची लोकल गाठायची म्हणून पाच तासांत उठावं लागतं, त्याची स्वप्नांची सगळ्यात दाट वेळ गजराने कापली जाते. म्हणून शनिवारची रात्र घ्या, किंवा सलग सुट्टी असेल ते दिवस. सात-साडेसात तास मिळतील असं झोपा आणि शक्य असेल तर गजराशिवाय उठा. दारूने रेम झोप दबते, त्यामुळे त्या रात्री दारू नको. काही नैराश्यविरोधी औषधांनीही स्वप्नं कमी होतात. पण त्यासाठी औषध थांबवायचं नाही, फक्त अपेक्षा कमी ठेवायची.

'मला स्वप्नंच पडत नाहीत' म्हणणाऱ्यांनी लगेच प्रश्नाला हात घालू नये. स्वप्नं पडतात, ती उठल्या-उठल्या विरतात. आधी आठ-दहा दिवस प्रश्नाविना फक्त लिहिण्याची सवय करा. काही आठवलं नाही तर उठताना मनात जी भावना होती ती लिहा: 'घाई', 'कुणीतरी रागावलंय', 'गार वाटत होतं'. आठवडाभरात तुकडे हाताला लागू लागतात.

प्रश्नाचं वाक्य

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रश्न कागदावर, हाताने, एका वाक्यात लिहायचा. 'माझ्या करिअरचं काय होणार?' हे वाक्य चालणार नाही. त्यात भविष्य विचारलंय आणि त्यात पाहण्यासारखं काही नाही. 'हो की नाही' असाही प्रश्न नको, कारण स्वप्न कौल देत नाही. आपल्याकडे स्वप्नात दृष्टांत होण्याची परंपरा आहे आणि प्राचीन ग्रीसमध्येही आजारी लोक एपिडॉरसच्या मंदिरात जाऊन देवाच्या स्वप्नासाठी झोपत. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिथे आज्ञा बाहेरून येते. इथे आपण स्वतःच्याच मनाला विचारतोय, म्हणून आलेलं उत्तर तपासायचं असतं.

चांगल्या वाक्यात एक जागा, एखादं माणूस किंवा वस्तू असते आणि नेमकं काय अडलंय ते असतं. 'सासूबाईंना ठाण्यात आणावं का?' याऐवजी 'सासूबाई या घरात राहायला आल्या तर मला कशाची भीती वाटतेय?' असं लिहा. पहिल्यात निर्णय मागितलाय, दुसऱ्यात चित्र मागितलंय. दिवसा ज्याविषयी आपण माहिती गोळा केलीय, माणसांशी बोललोय, दोन-तीन मार्ग करून पाहिलेत, असाच प्रश्न घ्या. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे खरं आहे, पण ते आधी मनी वसायला हवं.

झोपण्याआधीची दहा मिनिटं

कागद उशाशी ठेवा, वही आणि पेन हात लांब केला की सापडेल असं. फोनवर लिहू नका, कारण पडदा उजळला की समोर व्हॉट्सअ‍ॅप असतं. प्रश्नाशी संबंधित एखादी वस्तू, फोटो किंवा कच्चं चित्र जवळ असेल तर उत्तम. पाच मिनिटं प्रश्न वाचा, आत्तापर्यंत काय करून पाहिलं ते आठवा, आणि मग थांबा. तिथे सोडवायला बसायचं नाही. दिवा मालवल्यावर प्रश्नाचं एक चित्र डोळ्यांसमोर धरा आणि 'मला याचं स्वप्न पडू दे' असं दोन-तीनदा मनात म्हणा. मन भटकलं तर हळूच त्या चित्राकडे परत या. झोप लागेल तशी लागू द्या.

अर्धा तास होऊनही झोप येत नसेल, छातीत धडधड असेल, डोक्यात हिशेब सुरू झाले असतील, तर प्रश्नाची काळजी झाली आहे. कागद दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्या रात्री सोडून द्या. दुसऱ्या दिवशी लिहायचं काम संध्याकाळी उरकून घ्या आणि रात्री फक्त चित्र आठवा. आधीच निद्रानाश असेल तर हा प्रयोग करू नये.

जागं झाल्यावर

डोळे उघडू नका, कूस बदलू नका. ज्या अंगावर झोपला होतात तसेच दोन मिनिटं पडून राहा आणि हाती आलेल्या शेवटच्या तुकड्यावरून मागे जा: याच्या आधी कुठे होते, कोण होतं? मग लिहा. आधी क्रियापदं आणि जागा, मग माणसं, मग भावना. अर्थ लिहू नका, तो वेगळ्या पानावर, संध्याकाळी. रात्री मधेच जाग आली तरी दोन ओळी लिहा, पण वाचता येतील अशा. ऑटो लोवी या शास्त्रज्ञांना मज्जातंतू रसायनांमधून संदेश देतात हे सिद्ध करण्याचा प्रयोग स्वप्नात सुचला, त्यांनी अर्धवट झोपेत खरडून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. नशिबाने पुढच्या रात्री पहाटे तीनला तेच परत सुचलं आणि ते तडक प्रयोगशाळेत गेले. त्या कामासाठी १९३६ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. सगळ्यांनाच दुसरी संधी मिळत नाही.

संध्याकाळी प्रश्नाचा कागद आणि स्वप्नाचं पान शेजारी ठेवा. 'याचा अर्थ काय?' असं विचारू नका. विचारा: माझ्या प्रश्नात जे स्थिर होतं, ते स्वप्नात हललं का? कोणती गोष्ट वारंवार आली? कोणती दिशा, कोणती जागा? शार्कवाल्या विद्यार्थ्याने 'कोणती गोष्ट वारंवार आली?' हा एकच प्रश्न विचारला असता, तर सगळ्या स्वप्नांत पाणी आहे हे त्याला दिसलं असतं.

नेपथ्याचं एक उदाहरण

आमच्या एका मैत्रिणीकडे एकांकिकेचं नेपथ्य होतं. कोपरीतल्या चाळीतली खोली आणि त्याच जागी पुनर्विकासानंतर उभ्या राहिलेल्या इमारतीतला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, अशा दोन जागा. प्रसंग सारखे इकडून तिकडे जात होते. स्पर्धेत नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं मिळतात, पैसेही मोजके. रंगमंच अर्धा-अर्धा वाटला तर दोन्हीकडे दाटी होत होती आणि प्रत्येक वेळी अंधार केला तर नाटकाचा वेग मरत होता.

तिचं पहिलं वाक्य होतं, 'दोन घरं एका रंगमंचावर कशी दाखवू?' ते फार सैल होतं. दिग्दर्शकाशी बोलून तिने ते बदललं: 'खाट आहे तिथेच ठेवून, चाळीतल्या खोलीचा फ्लॅट कसा होईल?' उशाशी रंगमंचाचा कच्चा आराखडा ठेवला आणि डोळ्यांसमोर चित्र घेतलं ते गडकरी रंगायतनच्या मधल्या रांगेतून दिसणाऱ्या रिकाम्या मंचाचं, मधोमध एक खाट.

पहिल्या रात्री काही नाही. मग जांभळी नाक्याच्या बाजारातलं एक स्वप्न, गर्दी आणि हातातून निसटणारी पिशवी. त्यात तिला काही सापडलं नाही आणि तिने ओढून-ताणून अर्थ काढला नाही, हे फार बरं केलं. त्यानंतर एका पहाटे आजी आली. वहीत लिहिलेलं असं: 'आजी काठीने वलणीवरचे कपडे काढतेय. दोरी खाली येत जाते. छत बुटकं होतं. मी वाकते. मग आजी काठी वर करते आणि सगळं उंच.' सकाळी तिला वाटलं, आजीची आठवण आली, बस्स.

संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर तिला दिसलं की तिचे सगळे आराखडे जमिनीवरचे होते. डावीकडे काय, उजवीकडे काय, पुढे काय, मागे काय. स्वप्नात मात्र हालचाल झाली ती खाली-वर. चाळ म्हणजे डोक्याला लागणारे वाळत घातलेले कपडे आणि फ्लॅट म्हणजे डोक्यावरची मोकळी, परकी उंची. खाट जागची हलत नाही, छत हलतं.

इथवर स्वप्नाचं काम. पुढचं सगळं जागेपणीचं. वलण्या नाट्यगृहाच्या वरच्या बारला टांगायला तेवढ्या वेळात जमणार नव्हतं. म्हणून जड बैठकीच्या दोन उभ्या पाइपांमध्ये दोऱ्या ओढल्या, प्रत्येक पाइपला एक कप्पी आणि दोरीचं टोक पात्राच्याच हातात दिलं. ओले कपडे जड होतात म्हणून जुन्या सुती साड्यांचे तुकडे वापरले. तालमीत कळलं की कपडे वर गेले की त्यांच्या सावल्या मागच्या पडद्यावर पडतात, तेव्हा प्रकाशयोजना बदलावी लागली. कल्पना टिकली, कारण स्वप्नाचा उल्लेख न करता दिग्दर्शकाला सांगितली तेव्हाही ती पटली. ही कसोटी मी प्रत्येक वेळी लावते: 'मला स्वप्न पडलं' हे वाक्य काढून टाकल्यावर उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहतं का?

मनातला प्रश्न असेल तेव्हा

वैयक्तिक प्रश्नात ही कसोटी थोडी बदलते. बॅरेट यांच्या अभ्यासातल्या एका मुलीला मानसशास्त्राची कोणती शाखा निवडावी ते कळत नव्हतं. तिला स्वप्नात विमान दिसलं, अमेरिकेच्या नकाशावरून उडणारं. इंजिन बिघडलेलं होतं. तिने सुचवलं, मॅसॅच्युसेट्समध्ये उतरू या. वैमानिक म्हणाला, तिथे उतरणं धोक्याचं आहे, आणखी पश्चिमेला जावं लागेल. जागी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की एका शाखेचे दोन्ही पर्याय मॅसॅच्युसेट्समध्ये होते, जिथे तिचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि आईवडील होते. तिचा प्रश्न शाखेचा नव्हताच, घरापासून दूर जाण्याचा होता. स्वप्नाने निर्णय दिला नाही, प्रश्न दुरुस्त करून दिला. त्यामुळे अशा स्वप्नानंतर नोकरी सोडू नका, सही करू नका. वाक्य नव्याने लिहा आणि ज्या माणसाशी संबंध आहे त्याच्याशी बोला.

भीतीही खरी मानू नका. नवरा स्वप्नात खोटं बोलला म्हणून तो खोटं बोलतोय असं होत नाही. तुम्हाला तशी धास्ती आहे, एवढंच त्यातून कळतं.

अपघात, हिंसा, जवळच्याचा अकाली मृत्यू असा घाव ताजा असेल, किंवा तीच भयानक स्वप्नं वारंवार पडत असतील, तर तो प्रश्न उशाशी घेऊ नका. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे वेगळे उपचार आहेत. पटकन बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

रात्रपाळीवाल्यांसाठी डुलकी

ऐरोली, महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची झोप तुटक असते, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी १०३ जणांना एक गणिती काम दिलं, ज्यात लवकर सुटण्याची छुपी युक्ती होती. मध्ये अंधारात, आरामखुर्चीत, हातात पेला धरून २० मिनिटांची विश्रांती. ज्यांना निदान १५ सेकंद झोपेच्या उंबरठ्याचा टप्पा मिळाला त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांत ३० टक्के आणि त्याहून गाढ झोपलेल्यांत १४ टक्के.

घरी करताना प्रश्न वाचा, खुर्चीत टेका, हातात स्टीलचा चमचा धरा आणि खाली ताट ठेवा. चमचा पडला की त्या क्षणी मनात काय होतं ते बोलून रेकॉर्ड करा किंवा लिहा. गाडी चालवण्याआधी, किंवा आधीच झोपेचं ओझं साठलेलं असताना हे नको, कारण तुम्ही थेट गाढ झोपेत जाल.

किती दिवस

एका प्रश्नाला एक आठवडा द्या आणि मग तो कागद बाजूला ठेवा. पुढचा प्रश्न लगेच घेऊ नका, पण वही आणखी आठवडाभर चालू ठेवा. दिवसातल्या गोष्टी स्वप्नात पहिल्या एक-दोन रात्री येतात आणि मग पुन्हा पाच ते सात दिवसांनी डोकावतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे शनिवारी घेतलेल्या प्रश्नाचं स्वप्न पुढच्या गुरुवारी-शुक्रवारीही पडू शकतं. तेव्हा त्या पानावर तारीख घाला आणि जुना प्रश्न समोर ठेवूनच ते वाचा.